दीडशे शब्द मराठीत, दीडशे इंग्रजीत

९ मार्च, सोमवार

रिटायर व्हायला बावीस दिवस. आजपासून निरोपाचा मेल लिहायला घेतला. रोज एक परिच्छेद. शेवटचा आठवडा फक्त पॉलिश.

ही गोष्ट लोक शेवटच्या दिवसावर ढकलतात आणि वाया घालवतात. गेल्या वर्षी पर्चेसचा ढिकले गेला. त्याचा मेल माझ्याकडे अजून आहे. ‘डिअर ऑल, टुडे इज माय लास्ट वर्किंग डे’ आणि पुढे सगळं इंटरनेटवरून उचललेलं. ‘बॉस्टन ऑफिस’ काढायचं सुद्धा राहिलं होतं. आमची कंपनी पंप करते, सातपूर एमआयडीसीत. बॉस्टन कुठलं!

माझ्याकडे एकतीस वर्षांचा अनुभव आणि भाषा दोन्ही आहे. स्टोअर्स मॅनेजर असलो तरी मुळात लेखक. शाळेत निबंधाला बक्षीस होतं.

आज लिहिलं : सब्जेक्ट लाईन. (कच्ची.)

१० मार्च

एचआरच्या रुबिना मुजावरना भेटून नियम विचारून घेतले. नियम आधी माहीत असलेला बरा, मग मोडता येतो.

त्या म्हणाल्या, मेसेज दोन भाषांत हवा. शॉप फ्लोअरवर कोणालाच मेल आयडी नाही, त्यांच्यासाठी मराठी प्रिंट कँटीनबाहेरच्या बोर्डावर. कोइमतूरच्या हेड ऑफिससाठी इंग्रजी, मेलवर. एकाच मेलमध्ये वर मराठी, खाली इंग्रजी. सगळ्या कंपनीला जाणारी ‘ऑल’ लिस्ट कुलूपबंद असते. मी पाठवला की तो आधी त्यांच्याकडे अडकतो, त्यांनी मंजूर केला की सुटतो.

“आणि सर, दीडशे शब्द मराठीत, दीडशे इंग्रजीत. त्यापुढे कोणी वाचत नाही.”

मी हसलो. ढिकल्यांच्या बाबतीत खरं असेल.

११ मार्च

सब्जेक्ट लाईन ठरली : ‘अखेरचा निरोप’. भारदस्त.

रात्री जेवताना शैलाला ऐकवली. ती म्हणाली, “अहो, फोटो पण लावणार का वर? हार घातलेला?”

बायकांना भाषेची वजनं कळत नाहीत. तरीपण बदलली. ‘कर्तव्यपूर्ती’. ती म्हणाली, हे पोलीस खात्यातल्यासारखं वाटतं. उद्यापासून हिला काही वाचून दाखवायचं नाही.

१४ मार्च

तीन दिवस परिच्छेद नाही. कारण : मार्च एंड. एकतीसला माझा शेवटचा दिवस आणि त्याच दिवशी स्टोअर्सचं वार्षिक स्टॉक टेकिंग. प्रत्येक बोल्ट मोजायचा. माझ्या आईवडिलांनी मला ऑगस्टमध्ये जन्म दिला असता तर कंपनीला मला नीट निरोप देता आला असता.

गांगुर्डेबाई मोजणीचं वेळापत्रक करताहेत. सिंधू गांगुर्डे, माझ्या हाताखाली एकोणीस वर्षं. बाई सिन्सिअर. माझे मेल टाईप करता करता इंग्रजी पण बरं झालंय तिचं. माझ्या जागेवर तिचं नाव चाललंय. कोइमतूरच्या इलंगोवन साहेबांनी परवा फोनवर मत विचारलं. मी म्हणालो, चांगली आहे, पण गाईडन्स लागेल. खोटं कशाला बोला.

१६ मार्च

आज बसलो आणि एका बैठकीत सव्वाचार पानं! मराठी भाग जवळजवळ झाला. कंपनीचा इतिहास, पत्र्याच्या शेडपासून. १९९७चा पूर. बिन कार्ड पद्धत, म्हणजे प्रत्येक खणावर आतल्या मालाच्या हिशेबाचं कार्ड, मी कशी आणली. (आणली म्हणजे मंजूर मी केली. कार्डं गांगुर्डेबाईंनी छापून घेतली.) नंतर बिन कार्डावर दीड पान.

उद्या नावं.

१७ मार्च

नावांनी डोकं उठवलं. एक घेतलं की दुसरा रुसतो. आधी ठरवलं, कोणाचंच नाही. मग चार. दुपारपर्यंत एकेचाळीस. कँटीनचा महादू आला तर सिक्युरिटीचे कुलकर्णी का नाहीत? कुलकर्णी आले तर तीन शिफ्टचे तिघे.

बातमी फुटली आहे बहुतेक. मेंटेनन्सचा एकजण मुद्दाम येऊन म्हणाला, “साहेब, आपलं पण बघा कुठे बसतंय का.”

पोपट आव्हाडचं नाव घेतलं नाही. फोर्कलिफ्टवर आहे, जुना माणूस. २०१४ साली बारा इंपेलर, पंपातली पात्यांची चक्रं, कमी भरले तेव्हा मी त्याला मेमो दिला होता. इंपेलर नंतर चुकीच्या रॅकवर सापडले. मेमो फाईलमध्ये गेला होता, गेलेला कागद परत कसा काढणार? तो तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतो. मोठ्या मनाचा नाही.

गांगुर्डेबाईंचं नावही टाकलं नाही. ती घरचीच. घरच्यांचे आभार मानायचे नसतात.

१९ मार्च, पाडवा

सुट्टी. श्रीखंड. इंग्रजी भाग उद्यापासून हे आज ठरवलं. नव्या वर्षाचा संकल्प मोडायचा नसतो म्हणून लिहून ठेवतोय.

२० मार्च

इंग्रजी सुरू. मराठीवरून शब्दशः करतोय, म्हणजे दोन्हीकडे सारखंच पोचेल. ‘मी ३१ मार्चनंतर आपल्यात नसेन’ याचं : ‘आय विल बी नो मोअर आफ्टर थर्टी-फर्स्ट मार्च, फाईव्ह थर्टी पी. एम.’ नेमकं. वेळेसकट.

‘या कंपनीनं मला घडवलं’ : ‘धिस कंपनी हॅज हॅमर्ड मी.’ पंपाच्या कारखान्याला शोभतं.

२३ मार्च

गांगुर्डेबाईंना स्पेलिंगसाठी मसुदा दिला. स्पेलिंगसाठी. त्यांनी सबंध वाचला.

म्हणाल्या, “सर, हे ‘नो मोअर’ काढू या. कोइमतूरवाले सांत्वनाला फोन करतील.”

मी म्हटलं, इंग्रजीत याला प्रौढ शैली म्हणतात.

मग म्हणाल्या, मराठीचं इंग्रजी करू नका, दोन्ही वेगवेगळे लिहा. मराठी वाचणारा तुम्हाला रोज बघतो, त्याच्याशी बोलल्यासारखं. इंग्रजीवाल्यांनी तुम्हाला दोनदा पाहिलंय, त्यांना तीनच गोष्टी हव्यात : कधी जाताय, पुढे कोणाला विचारायचं, तुमचा नंबर काय. “आणि सर, शेवटी ते एक वाक्य राहिलंय. कळत नकळत कोणाला दुखावलं असेल तर, ते. सगळे घालतात.”

सगळे घालतात म्हणूनच मी घालणार नाही. कळत मी कोणाला दुखावलं नाही. नकळतची जबाबदारी ज्याला लागलं त्याची.

बाई फाईल उचलून मोजणीच्या तक्त्याकडे गेल्या.

२५ मार्च

तांत्रिक घोटाळा. ट्रायल म्हणून मेल रुबिना मुजावरना पाठवला. त्यांच्या स्क्रीनवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला. मी जुना फॉन्ट वापरला होता, २००३ पासून माझ्या कॉम्प्युटरवर आहे. तो फक्त माझ्याच कॉम्प्युटरवर आहे असं आज कळलं. म्हणजे तेवीस वर्षांत पाठवलेली माझी मराठी परिपत्रकं... जाऊ दे. आता युनिकोडमध्ये सगळं परत टाईप करायचं. सात पानं.

ढिकल्यांना फोन केला, सहज. म्हणाले, “उंब्रजकर, मी दोन मिनिटांत पाठवला होता. संध्याकाळी वडे खाल्ले.” समाधानी माणूस. शैली नाही, पण समाधानी.

२८ मार्च

युनिकोड चार पानांपर्यंत. ऱ्हस्व वेलांटी कुठे असते हे सापडायला एक सबंध लंच टाईम गेला.

सबंध स्टोअर्स मोजणीच्या तयारीत. मी केबिनमध्ये. कोणी आत आलं तर स्क्रीनवर स्टॉक रजिस्टर उघडतो.

३० मार्च

झालं. मराठी सात पानं, इंग्रजी साडेपाच. उद्या बरोबर चार वाजता पाठवणार. सकाळी पाठवला तर कामाच्या गडबडीत बुडतो, सुटायच्या वेळी पाठवला तर लोक स्कूटर काढत असतात. चार ही वाचनाची वेळ.

व्हेंडरांना वेगळा पाठवणार, त्यांच्यापुढे घरातलं बोलायचं नसतं. रुबिना मॅडमनी सांगितलंय, साडेपाचला आयडी बंद होतो. आपोआप. मी म्हटलं, दीड तास पुष्कळ झाला उत्तरं वाचायला. रुमाल दोन घेतलेत. लोकांसाठी.

३१ मार्च, मंगळवार. रात्री नाही, संध्याकाळीच लिहितोय. डोकं गरम आहे.

क्रमवार.

९.०० – मोजणी सुरू. मला कोणी काही विचारलं नाही. आदर.

२.०० – नो ड्यूज फॉर्म. लायब्ररीची सही लागते, कंपनीत लायब्ररी नाही. ती सही रुबिना मॅडमनीच केली.

३.१५ – न राहवून पाऊण तास आधी मेल पाठवला. फोटो चिकटवून. कंपनीची शेड, मी, १९९५.

३.५० – परत आला. ‘सर, फार सुंदर. पण मोठा आहे. दीडशे-दीडशे करून पाचपर्यंत परत पाठवाल का, लगेच सोडते. – रुबिना.’

४.०० – कँटीनमध्ये सेंड-ऑफ. शाल, नारळ, समोसा. मी बोललो. अर्धे लोक मोजणीवर होते, बाकीचे मोजणीवर जायच्या घाईत. बिन कार्डाच्या मुद्द्यापाशी सायरन झाला.

५.०५ – केबिन. कापायला बसलो. पूर काढला, तर शेड लोंबकळायला लागली. शेड काढली, तर मीच राहिलो नाही.

५.२० – अकराशे शब्द.

५.२६ – नऊशे ऐंशी.

५.३० – स्क्रीननं पासवर्ड मागितला. टाकला. परत मागितला. आयटीचा माणूस दारात, लॅपटॉपची बॅग उघडून. म्हणाला, “साहेब, आता तुम्ही सिस्टीममध्ये नाही.”

गांगुर्डेबाई मोजणीचे कागद सहीला घेऊन आल्या. माझा चेहरा बघून विचारलं, काय झालं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मी रुबिनाला सांगून तुमच्या नावानं पाठवू का? मी म्हणालो, पाठवा. जे काय पाठवायचं ते पाठवा! जरा जोरातच म्हणालो. मसुदा त्यांच्याकडे आहेच. त्याचा गाभा काढून पाठवतील. एकोणीस वर्षं माझ्या हाताखाली आहेत, माझी शैली थोडीतरी उतरली असेल.

काय गेलं ते दिसलं नाही. ऑल लिस्टमधून माझं नाव निघालं आहे.

१ एप्रिल

सकाळी आठपासून व्हॉट्सॲप! मोजले, छत्तीस. सव्वीस मराठी, दहा इंग्रजी. ‘साहेब, वाचून डोळ्यात पाणी आलं.’ ‘सर, युवर वर्ड्स टच्ड अस.’ गाभ्याला एवढा प्रतिसाद, सबंध गेला असता तर कंपनी बंद ठेवावी लागली असती.

शैलाला सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, मेसेज दाखवा की. मी म्हटलं, तो सिस्टीममध्ये आहे.

२ एप्रिल

इलंगोवन साहेबांचा कोइमतूरहून फोन. म्हणाले, “उंब्रजकर, एवढा छोटा, एवढा खरा मेल मी कंपनीत पाहिला नाही.” मी नम्रपणे म्हणालो, एका झटक्यात लिहिला. मग ते म्हणाले, तुम्ही स्वतःच लेखी दिलंत म्हणून गांगुर्डेंची फाईल आज पुढे केली.

मी काय लेखी दिलं? विचारायचं राहिलं.

‘छोटा’ हा शब्द आज पाचव्यांदा आला. जरा खटकतोय.

३ एप्रिल

एकानं लिहिलं : ‘साहेब, तुम्ही असं म्हणाल असं वाटलं नव्हतं.’ कसं? पुरावरचा परिच्छेद तसा धाडसी होता, हे खरं. गांगुर्डेबाईंना फोन करणार होतो. पण आपलाच मेल काय होता हे कसं विचारायचं?

४ एप्रिल

फोन केला नाही. बागेत कढीपत्ता लावला.

५ एप्रिल. सव्वाचार.

आत्ता पोपट आव्हाड येऊन गेला. रविवारच्या ओव्हरटाईमवरून सुटल्यावर फोर्कलिफ्टचे बूट घालूनच आला. हातात द्राक्षांची पेटी, भावाच्या बागेतली. शैलानं बसवलं. तो खुर्चीच्या कडेला बसला.

पेटी पायाशी ठेवली. मग म्हणाला, “साहेब, बोर्डावरचं वाचलं. दोनदा वाचलं. आमच्या मंडळींना फोटो काढून दाखवला.”

मी म्हटलं, कसं वाटलं?

“बारा वर्षं झाली, साहेब. मेमो गेला त्याचं काही नाही. इंपेलर सापडले तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, त्याचं होतं. पोरीच्या लग्नात सगळ्यांना पत्रिका दिली, तुम्हाला मुद्दाम नाही दिली. आता तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंत, सगळ्या कंपनीसमोर. माझ्याकडून संपलं. हे सांगायला आलो.”

मी म्हटलं, जरा तो फोटो दाखव.

त्यानं मोबाईल पुढे केला. चष्मा लावून वाचलं. इथे जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

‘नमस्कार. आज माझा कंपनीतला शेवटचा दिवस. एकतीस वर्षं स्टोअर्समध्ये गेली. जे जमलं ते तुम्ही सगळे होतात म्हणून जमलं. नावं घेत नाही, एखादं राहून जाईल. मी पुष्कळांवर आवाज चढवला. काही वेळा चूक माझी होती आणि मी ती तेव्हा कबूल केली नाही. त्यासाठी माफ करा. उद्यापासून स्टोअर्सचं काही असेल तर सिंधू गांगुर्डे यांना विचारा, त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे. भेटत राहू. माझा नंबर खाली आहे. – हेरंब उंब्रजकर.’

खाली इंग्रजी. त्यात पूर नाही, शेड नाही. ‘माय लास्ट वर्किंग डे’. कोणाला विचारायचं. नंबर. आणि मधे : ‘आय शाउटेड अ लॉट. समटाईम्स आय वॉज राँग. आय ॲम सॉरी.’

कुठेही ‘नो मोअर’ नव्हतं.

सांगायला हवं होतं की हे मी लिहिलेलं नाही. तोंड उघडलं सुद्धा. पण तो समोर बसला होता, बूट बाहेर काढून आलेला, मोज्याला अंगठ्यापाशी भोक. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होता. मी म्हटलं, “आव्हाड, इंपेलर सापडले त्याच दिवशी मी तुमच्याकडे यायला हवं होतं.”

हे वाक्य मात्र माझं. मसुद्यात नव्हतं. कुठून आलं माहीत नाही.

तो म्हणाला, “जाऊ द्या आता, साहेब.” मग चहा घेतला. दोन कप. पोरीचा मुलगा चालायला लागला म्हणाला.

तो गेल्यावर शैला कप उचलताना म्हणाली, “अहो, मेसेज चांगला लिहिलात हो. तुमच्यासारखा नाही वाटत.”

मी द्राक्षं धुवायला घेतली.

६ एप्रिल. सकाळी १०.

आज गांगुर्डेबाईंना मेसेज लिहायचा. आभाराचा. मराठीत. दोन ओळी. पाच मिनिटांचं काम.

११.३०

पहिला मसुदा बावीस ओळी झाला. बिन कार्ड आपोआपच आलं त्यात. या वेळी छापून कोणी घेतली ते लिहिलं. पण मग ते सबंध कंपनीला कळायला हवं होतं, एकट्या तिला माहीतच आहे. आणि इलंगोवन साहेबांना मी ‘गाईडन्स लागेल’ म्हणालो होतो, ते कुठे बसवायचं? पुसला.

१२.४०

पाठवला. ‘सिंधूताई, तुम्ही लिहिलेला निरोप काल वाचला. माफीचं वाक्य मी लिहायला हवं होतं. स्टोअर्स तुमच्याच जिवावर चाललं. आभार.’

एकोणीस वर्षांत ताई पहिल्यांदा. खोडलं नाही.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. ‘टायपिंग’ असं दिसायला लागलं. थांबलं. परत दिसलं. थांबलं. मी शैलाला हाक मारली, रुमाल कुठे ठेवलेत ते. ती म्हणाली, कशाला? मी म्हटलं, सर्दी.

१२.५२

उत्तर आलं.

‘सर, स्टोअर्समधल्या सात नंबरच्या जाळीच्या खोलीची चावी तुमच्याकडे राहिली आहे का? मंगळवारपासून सगळे शोधतोय. डुप्लिकेट पण सापडत नाही. आतले पंपांचे सील आज लागणार आहेत, दोन वाजता कुलूप कापायला माणूस बोलावलाय.’

मंगळवारची पँट दाराच्या मागे होती. उजव्या खिशात चावी. डाव्या खिशात डुप्लिकेट.

लिहिलं : ‘आहे. दोन्ही. निघालो.’

पहिल्याच फटक्यात गेला.